साहेबांचा लाडका ‘सेम’

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी टायपिस्ट होते. पेणहून एसटीने रोजची ये-जा. आमच्या साहेबांना इंग्रजी पत्रात ‘सेम’ घातल्याशिवाय चैन पडत नसे. प्लीज सेंड द सेम, काइंडली रिटर्न द सेम. एकाच वस्तूचं नाव मी दुसऱ्यांदा टाइप केलं की लाल पेन चालायचं. “हे काय शाळेतल्या पोरांसारखं?” एकच वस्तू असेल तिथे मी नुसतं ‘इट’ लिहून पाहिलं, तेही खोडलं. ते म्हणे भारदस्त वाटत नाही. डोकं उठायचं नुसतं.

बॉयलरवरचा एक कामगार गल्फला निघाला होता. गाव नागोठण्याजवळ, घरात तीन बहिणी. मुंबईत त्याचा इंटरव्ह्यू ठरला होता आणि तिथे बॉयलर चालवण्याचं मूळ सरकारी सर्टिफिकेट दाखवायचं होतं. पण अनुभवाच्या फॉर्मवर आमच्या मुंबईच्या हेड ऑफिसची सही लागे, आणि तिथले लोक मूळ सर्टिफिकेट बघितल्याशिवाय सही करत नसत. म्हणून दोन्ही कागद मुंबईला पाठवायचे होते. मी सरळ लिहिलं: फॉर्मवर सही करावी आणि फॉर्म व मूळ सर्टिफिकेट, दोन्ही परत पाठवावीत.

साहेबांनी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं, “साइन द फॉर्म अँड रिटर्न द सेम.”

मी म्हटलं, “सर, ते फक्त फॉर्मच पाठवतील.”

“त्यांना कळतं. तुम्ही टाइप करा.”

मी केलं. याचा राग मला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

आठवड्याने पाकीट आलं. आत सही केलेला फॉर्म, बस. सर्टिफिकेट तिकडे कुणीतरी फाइलला लावून मोकळं झालं होतं. त्यांची चूक तरी कशी म्हणू? वाक्यात जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं. मग मी ट्रंक कॉल लावले, लाइन मिळेना. शेवटी दोन ओळींचं पत्र टाइप केलं, “सर्टिफिकेट पाठवा. फॉर्म मिळाला,” आणि साहेबांसमोर सहीला धरलं. या वेळी लाल पेन उचललं नाही त्यांनी. पण सर्टिफिकेट पोचलं तेव्हा इंटरव्ह्यू होऊन चार दिवस झाले होते.

तो शिफ्ट संपवून टेबलाशी आला. मी सर्टिफिकेट हातात दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं.

“मॅडम, तुमी पत्रात काय लिवलं व्हतं?”

त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी मराठीत सांगितलं, “फॉर्म आणि सर्टिफिकेट, दोन्ही परत पाठवा, असं म्हणायचं होतं आम्हाला.”

“मंग तसंच का नाय लिवलं?”

एवढंच विचारून तो उभा राहिला, भांडला नाही. आत साहेब पुढच्या पत्रासाठी हाक मारत होते, आणि मला त्याच्याकडे मान वर करून बघता येईना.