फेब्रुवारीतला दाखला

सात रस्ता चौकात एका झेरॉक्सच्या दुकानात धनलक्ष्मीताईंचं टेबल आहे. प्रवेशाचे फॉर्म भरून देणं हे त्यांचं पंधरा वर्षांचं काम. कुणी कागद पुढं केला, की बाई आधी तारीख बघणार, मग नाव. लोक चेष्टा करतात, पण बाईंना त्याचं काही नाही.

यंदा इंजिनिअरिंगची नोंदणी सुरू झाली त्या सकाळी, शटर वर जायच्या आधीच वळसंगचे बसप्पा लेकीला, महेश्वरीला, घेऊन दारात हजर. माणूसच तसा उतावळा. एसटीला तासभर आधी जाणार, लग्नाला आदल्या दिवशी. त्यांनी सीईटीचं स्कोअरकार्ड आणि ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचा, दाखला टेबलावर ठेवला. लोक आत्ता तहसीलला पळतायत, आपण फेब्रुवारीतच काढून मोकळे, हेही ऐटीत सांगून झालं.

ताईंनी दाखल्यावरची तारीख बघितली. एवढ्या हौसेनं सांगणाऱ्या माणसाला आता बोलायचं तरी कसं! दाखला एकतीस मार्चलाच संपला होता. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता. एप्रिल लागला की नवा काढायचा. हाच जोडला तर तपासणीत महेश्वरी सरळ खुल्या गटात जाणार, आणि तिच्या गुणांवर तिथं सरकारी कॉलेज काही मिळायचं नाही.

ताईंनी हे सांगितलं तसं बसप्पांचं तोंड एवढंसं झालं. मग पुढच्या वर्षी भरू, मार्क तर हायतच की, असं ते पुटपुटले. महेश्वरीनंच मान हलवली. सीईटीचे गुण याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. पुढच्या वर्षी परीक्षाही नव्यानं द्यायची.

"वर्ष घालवायचं न्हाय, अण्णा. आजपासनंच लागायचं," ताई म्हणाल्या.

आधी गेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला आणायला त्यांनी बसप्पांना पिटाळलं. तो हाती येताच ईडब्ल्यूएसचा नवा अर्ज केला आणि त्याची पावती फॉर्मला जोडली. पावतीवर नोंदणी भागते, पण मूळ दाखला ठरलेल्या मुदतीत दिला नाही, तर पुन्हा खुला गटच. बसप्पा रोज तहसीलला खेटे घालत होते. मुदतीला दोन दिवस उरले, तेव्हा एकदाचा दाखला आला.

पहिल्याच फेरीत महेश्वरीला ईडब्ल्यूएसच्या जागेवर सरकारी कॉलेज लागलं. बसप्पा दुकानातल्या बाकावर बसले आणि चक्क रडायला लागले.

"माझ्या घाईपायी पोरगी बुडाली असती की, ताई."

"घाई होती म्हणून पहिल्या दिवशी आलात," धनलक्ष्मीताई म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी आला असता, तर नवा दाखला कुठनं आणला असता?"

महेश्वरीनं वडिलांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती शेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.