मागच्या रांगेतले ड्रम

आमच्या गोंदाच्या कारखान्यातली हिशेबनीस बाई कधी घाई करायची नाही. तिला आम्ही ‘थांबा’ म्हणायचो. कारण कुणी काही सांगितलं की ती आधी म्हणायची, “थांबा, बघून येते.”

वर्षअखेर होऊन गेली होती, पण ताळेबंदावर अजून सह्या व्हायच्या होत्या. त्यातच वादळ झालं आणि मागच्या शेडचं पुढच्या बाजूचं छप्पर उडालं. तीन आठवड्यांनी मालकांनी तिला शेडमध्येच गाठलं. तिचा धाकटा भाऊ आणि मी तिथे ड्रम हलवत होतो.

“बाई, सगळा माल वादळाने गेला. वादळ नव्या वर्षातलं. जुन्या आकड्यांना हात लावू नका, ताळेबंदाखाली नुसती टीप द्या.”

“थांबा. आधी झाकणं काढू.”

एका ड्रमचं झाकण काढायला पहार लागते आणि दोन माणसांची कंबर. पुढच्या रांगेत पाणी शिरलं होतं, गोंदाचं ताक झालं होतं. मागची रांग कोरडी होती आणि सील शाबूत होतं. झाकण निघालं तेव्हा आत गोंद रबरासारखा. पहार टाकली, ती उभीच राहिली.

बाईने बराच वेळ पाहिलं. “बंद ड्रमात गोंद असा आळायला सहा महिने लागतात, असं मिश्रणवाले सांगतात. वर्ष संपून दोनच महिने झालेत, म्हणजे तेव्हाच हा माल बिघडून बाद झालेला होता. आपल्याला आज कळलं, एवढंच. याचं नुकसान मागच्याच वर्षात दाखवायचं. पुढची रांग त्या दिवशी चांगली होती, तिचं नुकसान नव्या वर्षाचं. तिची फक्त टीप.”

“मागची रांग मागच्या वर्षात गेली तर नफा राहत नाही. बँक कर्ज परत मागेल. मग कारखाना कशावर चालवू?”

मालकांनी तिच्या भावाकडे बोट केलं.

“तुमचा भाऊही इथेच आहे, बाई.”

“माहीत आहे, साहेब.”

भाऊ चिडला. “ताई, एकच वादळ होतं! सगळं त्याच्या माथी मारलं तर कुणाचं काय जातंय?”

“बँकेचं जातं. या मालावर तिने पैसे दिलेत.”

“आणि आमचं?”

तिने पहार भावाच्या हातात दिली. आम्हाला मागची सगळी रांग उघडायला लावली. दुपारपर्यंत माझे तळहात सोलले. एकही ड्रम पातळ निघाला नाही.

तिने हिशेब तसाच मांडला. मालकांनी तो दोन दिवस टेबलावर ठेवला. पण ऑडिटर स्वतः शेड पाहून गेला, त्यानेही तेच म्हटलं. मग सही झाली.

पुढच्या सोमवारी बँकेची दोन माणसं आली. यंत्रांना हात न लावता ती एकेकापाशी थांबत गेली, जसं कुणी विकत घ्यायच्या आधी बघतं. दुसरी पाळी त्याच आठवड्यात बंद झाली. भाऊ दुसऱ्या पाळीत होता.

बाई रोज वेळेवर येत राहिली. जेवायला ती आता एकटीच बसायची. तिच्या बाकावर जागा असूनही आम्ही उभे राहायचो, मीसुद्धा.