वरंधा उतरून पोलादपूरच्या डोंगरावर: त्याच्या आईवडिलांना मी काय सांगितलं

दिनेशशी लग्न करायचं, म्हणून त्याच्या आईवडिलांना भेटायला जायचं ठरलं आणि पुण्यातल्या सगळ्या मैत्रिणी कामाला लागल्या. साडी नेस, केस घट्ट बांध, कमी बोल, पगार जरा कमीच सांग. आत्या तर म्हणाली, पहिल्या लग्नाचा विषय अजिबात काढू नकोस. मी तिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी करणारी, कोर्टातून रीतसर घटस्फोट घेतलेली बाई. यात लपवण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

दिनेश महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात शिफ्टला जातो आणि बिरवाडीत खोली घेऊन राहतो. त्याचे आईवडील पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत असतात. माझी त्याला एकच अट होती. मी तिथं पोचण्याआधी माझ्या घटस्फोटाचं त्यानं घरी सांगितलेलं असलं पाहिजे. ‘सांगितलंय,’ असं तो मला फोनवर म्हणाला होता.

दिवाळी नुकतीच सरली होती. स्वारगेटहून भोरमार्गे महाडला जाणारी एसटी पकडली. भोरनंतर रस्ता अरुंद होतो, वळणं संपता संपत नाहीत. पोट नाजूक असेल तर पुढच्या सीटवर बसा आणि सकाळी फार खाऊ नका. वरंधा घाटात भज्यांच्या टपऱ्यांपाशी गाडी थांबते. गरम कांदाभजी आणि आल्याचा चहा घेऊन कठड्याशी उभं राहावं; खाली सगळं कोकण पसरलेलं दिसतं. तिथं उभ्या उभ्या मी उद्या बोलायची वाक्यं मनात घोळवत होते आणि स्वतःवरच चिडत होते. नोकरीच्या मुलाखतीलाही मी एवढी घोकंपट्टी केली नव्हती.

महाडला स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. एकट्या बाईला खोली देताना मॅनेजर दहा प्रश्न विचारतो. शांतपणे ओळखपत्र पुढे करा, जास्त खुलासा करत बसू नका. संध्याकाळी दिनेशबरोबर एका खानावळीत जेवले. सुरमईचं ताट चांगलं होतं आणि किंमतही रास्त. दिनेश मला घरातल्या रीती समजावत होता. अंगणात तांब्या ठेवलेला असेल, आधी पाय धुवायचे. आधी बाबांच्या पाया पडायचं, मग आईच्या. त्यांना काका-काकू म्हणायचं, एवढ्यात आई-बाबा नको. पहिला चहा नाकारायचा नाही. बाबा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आई चुलीपाशी गेली की मागोमाग जायचं, पण भांड्यांना हात लावण्याआधी विचारायचं. हे सगळं मला पटलं. कुणाच्या घरी गेल्यावर त्या घराच्या रीतीनं वागणं हा साधा मान आहे.

मग तो हळूच म्हणाला, ‘आणि ते कोर्टाचं… आत्ता नको. लग्न झालं की सांगू.’

म्हणजे यानं सांगितलंच नव्हतं. उठून सकाळची पुण्याची गाडी धरावी, असं वाटलं. पण मग विचार केला, पळायचं मी का? त्याला एवढंच सांगितलं, की मी येणार. विषय काढण्याचं काम तुझं. पण मला कुणी सरळ विचारलं, तर सरळ उत्तर मिळेल. तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

सकाळी मोटरसायकलवरून निघालो. हायवेनं पोलादपूर गाठायला फार वेळ लागत नाही. बाजारात फळं, चहापूड आणि साखर घेतली. डोंगरातल्या घरी जाताना मिठाईच्या मोठ्या पुड्यापेक्षा हे बरं. रोज लागतं आणि कुणाला संकोच वाटत नाही. तिथून महाबळेश्वरकडं जाणारा आंबेनळी घाटाचा रस्ता धरला, आणि मग एका कच्च्या फाट्यावर वळलो. गाडी एका ओळखीच्या घरापाशी लावून पुढं चढण. साडी नेसून ही वाट चढता येत नाही, म्हणून मी सलवार-कमीज आणि ओढणी घालून आले होते. पायात सपाट बूट हवेतच. वर पोचलो तेव्हा खळ्यावर नाचणीची कणसं वाळत होती आणि शेजारच्या दोन बाया आम्हाला न्याहाळायला मुद्दाम थांबल्या होत्या.

पाय धुतले, पाया पडले, चहा घेतला. काका बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी माझं गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. काकू म्हशीचं दूध काढून आल्या होत्या. परड्यात कोंबडी कापून झाली होती. पाहुणचारात त्यांनी काहीच कमी ठेवलं नव्हतं. माझ्या मनावर त्याचंच ओझं होतं. मी दोनदा दिनेशकडं पाहिलं. तो शेळ्यांच्या किमतीवर बोलत होता.

शेवटी काकूंनीच विचारलं. ‘वय काय गो तुजा?’

मी सांगितलं.

‘मंग आजून लगीन कसा नाय झाला?’

दिनेश कपात बघत होता. मी ओढणी नीट केली आणि म्हणाले, ‘झालं होतं, काकू. दोन वर्षांत मोडलं. आता कोर्टातून घटस्फोट झालाय. मूलबाळ नाही.’

दारातल्या बाया आणखी जवळ सरकल्या. काकूंनी विचारलं, ‘मारायचा काय तुला?’

‘नाही. बोलायचाच नाही. मी घरात असून नसल्यासारखी. मीच निघाले.’

‘मारीत नवता, तरी तू निघालीस,’ काका म्हणाले. आवाजात राग होता की नुसतं नवल, ते कळलं नाही.

‘हो,’ मी म्हणाले. ‘आणि त्याची मला लाज वाटत नाही.’

काका उठले, तेव्हा मला वाटलं आता बाहेर जायला सांगणार. पण ते दिनेशसमोर जाऊन उभे राहिले. ‘तुला म्हाईत व्हता?’ त्यानं होकारार्थी मान हलवली. ‘मंग ही एकटी सांगते नि तू कप बगत बसलास? लाज तुला वाटाय पायजे.’ एवढं बोलून ते गोठ्याकडं निघून गेले.

काकू चुलीकडं गेल्या. रीत आठवून मी मागोमाग गेले आणि काही करू का, म्हणून विचारलं. त्यांनी वर न बघता तांदळाच्या पिठाची परात माझ्याकडं सरकवली. माझ्या भाकऱ्या वाकड्या झाल्या. त्यांनी त्या तशाच तव्यावर टाकल्या. जेवताना मला पहिलं वाढलं. काका मात्र पानावरून उठताना म्हणाले, की असं चटकन हो म्हणता येत नाय, मुंबईच्या थोरल्या मुलाला विचारावं लागेल. मी म्हणाले, विचारा, पण त्यांनाही मी हेच खरं सांगेन.

उतरताना मी दिनेशसाठी न थांबता पुढं चालत राहिले.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला. थोरला भाऊ तयार होता, फक्त भावकीत हे माझं पहिलंच लग्न म्हणून सांगायचं. मी म्हणाले, नाही. आणि हे ‘नाही’ तू वर जाऊन, काका-काकूंसमोर उभं राहून सांग. नसेल जमत तर माझा नंबर पुसून टाक.

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत बराच वेळ बसले. ते तांब्यातलं गार पाणी, ती परात, आणि ‘तरी तू निघालीस’ हे शब्द डोक्यातून जात नव्हते. लग्न झालं नाही तरी ती वाट मी चढून आले, याचं समाधान मला होतं. खोटं बोलून होकार मिळाला असता, तर तो जन्मभर जपत बसावा लागला असता.

रविवारी संध्याकाळी पोलादपूरला खाली उतरल्यावर दिनेशनं फोन केला. आवाज थकलेला, पण मोकळा. तो वर जाऊन आला होता. वडिलांसमोर उभा राहून, अडखळत का होईना, सगळं बोलला होता. ते काय म्हणाले, मी विचारलं.

‘म्हणाले, भावकीला खरा काय ता मी सांगतो. तू ऱ्हाव दे, तुला नीट सांगता येत नाय.’

पुढच्या महिन्यात मी पुन्हा वरंधा उतरणार आहे. या वेळी काय बोलायचं, ते मनात घोळवणार नाही.