जावक क्रमांक पडलेलं सांत्वनपत्र

उषाबाईंना बदनापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लाल पेन काही सुटला नव्हता. गावातली मानपत्रं, लग्नपत्रिका आधी त्यांच्या ओट्यावर येत, मगच छापखान्यात जात.

त्या दिवशी सव्वाचारला राजानंद आला. एका सरकारी कार्यालयातला लिपिक, त्यांचाच विद्यार्थी. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा भारत अपघातात गेला होता. उद्या सकाळी शहागडला गोदाकाठी दशक्रिया, तिथं चार लोकांसमोर कार्यालयाचं पत्र वाचायचं होतं. बस पाचची.

त्यानं छापून आणलेला कागद बाईंनी उभ्यानंच वाचला. विषय : दुःखद निधनाबाबत. संदर्भ : आपला दूरध्वनी. खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, आणि तळाशी ‘प्रत माहितीस्तव’.

“बापाला त्याचं पोरगं गेल्याचं कळवतोस काय रे?”

राजानंद खाली बघत म्हणाला की जावक क्रमांक पडलाय, कागद जायलाच पाहिजे. बाईंनी विषय खोडला, संदर्भ खोडला. भारतसाठी ‘तो’ आणि ‘ते’ एकाच वाक्यात नांदत होते, सगळीकडे ‘ते’ केलं. भारतच्या बायकोच्या ‘सौ. दैवशाला’ या नावापाशी पेन जरा अडला. सौ. काढून ‘दैवशालाताई’ लिहिलं. वर भारतच्या आईवडिलांसाठी ‘आदरणीय काकासाहेब, रमाबाई’. आता व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. बाईंनी मोठ्यानं वाचून पाहिलं आणि वैतागल्या. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, कधीही भरून न निघणारी पोकळी. कुणाच्याही नावावर खपलं असतं.

घड्याळात साडेचार. बाई ओट्यावर येरझाऱ्या घालू लागल्या. भारत नेमकं करायचा काय, ते सांग म्हणाल्या.

राजानंद म्हणाला, “काकासाहेब म्हणायचे, पोरगं शेती सोडून खुर्चीत बसून राह्यलंय. बसायचा कुठं, बाई? डब्याच्या वेळेला खेड्यातली म्हातारी माणसं यायची, त्यांचे अर्ज लिहून द्यायचा. त्यांची परतीची बस हुकायला नको म्हणून. मला म्हणायचा, तू जेव. कधी सांगितलंच न्हाई त्यानं घरी.”

“मग तूच सांग. बस, लिही.”

कोऱ्या कागदावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं. बाई मागे उभ्या राहून जल्दी कर, जल्दी कर म्हणत होत्या. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं. तेवढं सुधारायला लावलं आणि त्याला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाईंचं कशात लक्ष लागेना. चहा दोनदा गार झाला. कर्त्या पोरानं बापाला कधी न सांगितलेली गोष्ट चारचौघांत वाचायला लावली, हे बरं केलं की आगाऊपणा, ते ठरेना. अकराला राजानंदचा फोन आला.

काकासाहेबांनी अर्जांची ओळ पुन्हा वाचायला लावली होती. मग कागदासाठी हात पुढे केला. मयताचे असले कागद घरात ठेवत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं, तरी घडी घालून त्यांनी तो बंडीच्या खिशात घातला.

“पण बाई, आता जावकच्या फायलीला काय लावू? कागद तर त्यांनी ठेवून घेतला.”

“ते आधीचं छापलेलं लाव,” बाई म्हणाल्या. “फायलीला तेवढं पुरे.”