कापडाची नोटीस

नेमगोंडाच्या हातात गज असायचा. सदलग्याजवळच्या त्या गावातल्या ग्राहक सोसायटीत तो कापड मोजून द्यायचा. सात वर्षांत त्याने कुणाला बोटभर कमी दिलं नव्हतं. त्याचा राग मात्र मोजता येण्यासारखा नव्हता. तो आत साठायचा, विहिरीतल्या गाळासारखा.

सन पंचेचाळीस. लढाई संपली होती, कापड अजून रेशनवरच होतं. सोसायटीत लुगडी आणि धोतरं आली. कुणाला द्यायची हे कळावं म्हणून सभासदांनी रेशन कार्डावर आधी शिक्का मारून घ्यायचा होता. मुदत सोसायटीनेच ठरवली होती, दहा तारीख. चिटणीस बेळगावहून, टिळकवाडीतून आलेले. नोटीस त्यांनी लिहिली आणि अध्यक्ष मारुतीरावांच्या सहीने दारावर चिकटवली.

‘सर्व सभासदांस विदित करण्यात येते की, नियंत्रित वस्त्राच्या वितरणास्तव आपापली पत्रके चालू मासाच्या दशम दिनांकापावेतो कार्यालयी मुद्रांकित करून घ्यावीत, अन्यथा हक्क विलोपित समजण्यात येतील.’

अकरा तारखेला गुणाबाई आली. तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाणारी बाई. अंगावरच्या लुगड्याला इतकी ठिगळं होती, की मूळ लुगडं कुठलं हे शोधावं लागलं असतं. चिटणिसांनी कार्ड उलटून पाहिलं.

“शिक्का नाही. मुदत संपली.”

“कसली मुदत?”

“नोटीस लावली होती.”

“ती व्हय? लगीनपत्रिका असंल असं वाटलं मला. शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतली. तिलाबी न्हाय कळली.” गुणाबाई नेमगोंडाकडे वळली. “अण्णा, ह्या लुगड्यानं आता वखारीत जाता येत न्हाय. खाली वाकलं की फाटतंय. वखारवाला घरी बस म्हणतोय.”

नेमगोंडाने गज खाली ठेवला. नोटीस तोही रोज वाचत होता. ‘विलोपित’शी येऊन थांबायचा आणि समजलं असं धरून चालायचा. आपण गप्प राहिलो, हे त्याला आत्ता कळलं. ते चिटणिसांच्या शब्दांपेक्षा जास्त झोंबलं.

“साहेब, सव्वादोनशे सभासद. शिक्के किती झाले?”

“एकोणचाळीस. गावाला निष्काळजीपणाची सवय आहे.”

“न्हाय. गावाला तुमची भाषा येत न्हाय.”

“सोसायटीला काही प्रतिष्ठा असते, नेमगोंडा. बाजारात दवंडी पिटल्यासारखं लिहायचं का?”

तेवढ्यात अध्यक्ष मारुतीराव आले. खिशातून घरचं कार्ड काढून त्यांनी चिटणिसांपुढे सरकवलं, “शिक्का मारा जरा. घरातली मंडळी लई मागं लागल्यात.”

चिटणिसांनी निमूटपणे शाईची पेटी पुढे ओढली. नेमगोंडाने शिक्क्यावर हात ठेवला.

“आप्पा, तुमच्याच सहीची नोटीस हाय. तारीख कुठली हुती, सांगा.”

मारुतीरावांनी दाराकडे पाहिलं. पुटपुटत वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “वस्त्र म्हंजे आपल्या दुकानातलंच कापड व्हय? मला वाटलं सरकारचं काय तरी हाय.”

“तुमचा शिक्का झाला तर हिचाबी व्हायला पायजे. हिचा न्हाय तर तुमचा न्हाय. कापड अजून आत पडून हाय. मी मोजलंय.”

“नेमगोंडा, नोकरी जाईल,” चिटणीस म्हणाले.

“जाऊ दे. गज भिंतीला लावून ठेवतो.”

मारुतीरावांचे कान लाल झाले. न वाचता सही केल्याची लाज, की नोकराने अडवल्याची, कोण जाणे. पण कार्ड त्यांनी मागे घेतलं. “मुदत वाढवा,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत. आन् ह्यालाच लिहू द्या.”

नेमगोंडाने कागद घेतला. एकेक ओळ लिहून गुणाबाईला वाचून दाखवली. तिने ती आपल्या शब्दांत परत सांगितली तरच पुढची.

‘सोसायटीत लुगडी आणि धोतरं आली आहेत. पाहिजे असतील त्या सभासदांनी येत्या शनिवारपर्यंत, दिवस मावळायच्या आत रेशन कार्ड घेऊन यावे. कार्डावर शिक्का मारून घ्यावा. शिक्का नसेल तर कापड मिळणार नाही.’

“शिक्क्याला पैसं पडत्यात?” गुणाबाईने विचारलं.

हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्याने खाली लिहिलं, ‘शिक्क्याला पैसे पडत नाहीत. स्वतः येता येत नसेल तर शेजाऱ्याच्या हाती कार्ड पाठवावे.’ मग तेच सगळं कन्नडात.

शनिवारी दुपारपर्यंत रांग देवळाच्या पारापर्यंत गेली. चिटणीस मान खाली घालून शिक्के मारत होते. सोमवारी गुणाबाईचं लुगडं नेमगोंडाने मोजलं. ती घडी काखेत धरून उभी राहिली. हसली नाही.

“एवढंच लिवायचं हुतं न्हवं, अण्णा?”

“व्हय.”

“मग आधी का न्हाय लिवलंसा? माझे वखारीचे चार दिवस गेले.”

 ती गेल्यावर नेमगोंडाने दारावरची जुनी नोटीस नखांनी खरवडून काढली. खळ पक्की होती. ‘अन्यथा’ एवढा शब्द लाकडाला चिकटून राहिला. तो पुसायला त्याने पाणी आणलं नाही. रोज दिसू दे, म्हणाला.