सरांचं रबर

टेंभुर्णीच्या शाळेत राजानंद सर आजही इंग्रजीचा तास घेतात, फक्त बोलत नाहीत. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. ऑपरेशनच्या आधी त्यांनी शब्दांचे पाठ मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवले होते. ते स्पीकरवर लागतात आणि पोरं त्या आवाजाच्या पाठोपाठ, न थांबता, तसंच्या तसं म्हणत जातात. सर समोर उभे राहून दोन्ही हातांत गोल जाड रबर ताणतात. 'शिप'ला जरासं, 'शीप'ला लांब, आणि मोठ्या शब्दात जिथं जोर असेल तिथंच. सगळी अक्षरं सारखीच आपटायची आपली खोड त्यानं मोडते.

स्वतःचा आवाज ऐकून त्यांना आताशा काही वाटत नाही. रेडिओ लागलाय, इतकंच.

सोमवारी स्पीकर 'हॉटेल' म्हणाला, जोर पहिल्या तुकड्यावर, 'हॉ'वर, जसं जाफराबादच्या स्टँडवर म्हणतात तसं. चूक सरांचीच होती आणि वर्गानं ती बराबर उचलली. सांगायला आवाज नव्हता. सरांनी रेकॉर्डिंग मागं घेतलं आणि रबर दुसऱ्या तुकड्यावर, 'टेल'वर ताणलं. स्पीकर पुन्हा चुकला. पोरं चुकली नाहीत.

"सर, हे बंद करू का?" पहिल्या बाकावरच्या पायलनं विचारलं. "आम्ही तुमच्या हाताकडंच पाहून राह्यलो."

सरांनी होकाराची मान डोलावली आणि फळ्यावरच्या पुढच्या शब्दासाठी रबर धरलं. पायलनं त्यांचा आवाज बंद केला.