उलटा फिरवलेला चेहरा

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या एका फोटो स्टुडिओत ल्युबकाचं कामच हे होतं, की गिऱ्हाइकाचा चेहरा जुन्या तैलचित्रातल्या सरदाराच्या धडावर संगणकावर बसवायचा. बावीस वर्षांत तिचा हात इतका बसला होता, की जोड कुठे आहे ते कधी कधी तिलाच सापडत नसे.

त्स्वेताना मावशींनी आपल्या दिवंगत नवऱ्याचा, नाय्देनचा, फोटो आणून दिला. चित्रात उजेड डावीकडून पडत होता, फोटोत ऊन उजवीकडून. सावल्या हातानं रंगवायच्या तर दोन दिवस गेले असते. ल्युबकानं चेहरा सरळ आरशातल्यासारखा उलटा फिरवला, कातडीवरची बारीक छिद्रं पुसली, गालावरून ब्रशचे फटकारे ओढले, वर कॅनव्हासची वीण आणि रंगाच्या भेगा चढवल्या. चेहरा बेमालूम बसला.

मावशींनी चित्रातल्या उजव्या गालावरच्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पोरी, हा भाजल्याचा डाग डाव्या गालावर होता गं. चाळीस वर्षं मी त्याच बाजूला झोपले. हा माझा माणूस नव्हे."

"नजरचूक झाली, मावशी," ल्युबका बोलून गेली, आणि त्या खोट्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर होईना. "नाही, चूक नव्हे. कंटाळा केला मी."

"मग आता नीट कर," एवढंच मावशी म्हणाल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं चेहरा पुन्हा सुलट केला आणि उजेड-सावली एकेका फटकाऱ्यानं स्वतः रंगवली. मावशी ते चित्र छातीशी धरून घरी गेल्या. ल्युबका मात्र पुढे कित्येक महिने त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत राहिली.